रूर खोऱ्यात, गॅसच्या वाटेने

एसेनहून डुइसबुर्गकडे जाणारी लोकल झाडीतून धावते. एके काळी युरोपातलं सर्वांत काळं म्हणून ओळखलं गेलेलं हे खोरं आता इतकं हिरवं आहे की पहिल्यांदा येणाऱ्याला आपण चुकीच्या गाडीत बसलो की काय असं वाटावं. बर्चची झाडं, कालवे, कालव्याकाठच्या सायकलवाटा आणि मधूनच झाडांच्या शेंड्यांवर डोकावणारं बंद खाणीचं चाक. अंतर म्हणाल तर ठाणे ते कल्याण एवढंच. पण या सबंध खोऱ्यात पन्नास लाखांवर माणसं राहतात आणि दीडशे वर्षं इथे कोळसा, कोक आणि लोखंड यांशिवाय दुसरा विषय नव्हता.

मी आलो होतो तो लोखंड बघायला नाही, गॅस बघायला. माझा भाचा ड्युसेलडॉर्फमध्ये पोलाद कारखान्यांची यंत्रणा आखणाऱ्या एका कंपनीत आहे. त्याआधी त्याने छत्तीसगडमधल्या एका कारखान्यात याच कामावर काही वर्षं काढली. तो म्हणाला, "मामा, लोखंड सगळेच बघतात. तुम्ही नळ्या बघा. कारखाना नळ्यांवर चालतो." म्हणून आम्ही गॅस जिथे जन्मतो तिथून निघून तो जिथे जळतो तिथपर्यंत, पूर्वेकडून पश्चिमेकडे, असा प्रवास आखला.

पहिला थांबा एसेनमधलं झोलफेराइन. इथली कोळशाची खाण आणि तिच्या शेजारचा कोक कारखाना दोन्ही २००१ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. खाणीच्या लाल लोखंडी मनोऱ्यासमोर फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते. कोक कारखान्याकडे त्यामानाने कमी लोक येतात. हा कारखाना १९५७ ते १९६१ या काळात उभा राहिला, पुढे वाढत वाढत ३०४ भट्ट्यांचा झाला आणि १९९३ मध्ये थंड झाला. भट्ट्यांची रांग इतकी लांब आहे की एका टोकाला उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस दिसतो, पण ओळखू येत नाही. रांगेसमोरच्या हौदात हिवाळ्यात बर्फ जमवतात आणि मुलं तिथे स्केटिंग करतात.

आम्हाला सगळं दाखवणारे गृहस्थ याच कारखान्यात काम करून निवृत्त झालेले. त्यांनी आम्हाला एका भट्टीच्या उघड्या दारासमोर उभं केलं. भट्टी म्हटल्यावर मनात घुमटाकार काहीतरी येतं. इथे समोर होती एक उभी फट. दोन मजली घराएवढी उंच, आत खोल गेलेली, आणि रुंदी मात्र जेमतेम हात-दीड हात. मी आत वाकून विटांवर हात ठेवला. काचेसारख्या गुळगुळीत, करड्या, मधूनमधून कोळशाची पुटं चढलेल्या. भट्टी इतकी अरुंद का, तर उष्णता दोन्ही बाजूंच्या भिंतींतूनच येते आणि कोळशाच्या ढिगात ती फार सावकाश शिरते. भट्टीची रुंदी जितके इंच तितके तास, असा ढोबळ हिशेब. भट्टी रुंद केली तर मधला कोळसा कच्चा राहणार.

या फटीत कोळसा जळत नाही, भाजला जातो. हवा आत येऊच देत नाहीत. भिंतीपलीकडच्या मोकळ्या जागेत गॅस जळतो, भिंत हजार अंशांच्या वर तापते आणि कोळशातलं जे काही उडून जाण्यासारखं आहे ते सगळं वाफ होऊन वर निघतं. मागे उरतो तो कोक : कडक, सच्छिद्र आणि जवळजवळ निव्वळ कार्बन. जे उडून जातं तो आपला गॅस. एक टन कोळशामागे साधारण ३०० ते ३२० घनमीटर. त्यात निम्म्याहून जास्त हायड्रोजन असतो, चौथा हिस्सा मिथेन आणि थोडा कार्बन मोनॉक्साइड. उष्मांक घनमीटरला चार हजार किलोकॅलरीच्या आसपास, म्हणजे घरी पाइपाने येणाऱ्या नैसर्गिक वायूच्या साधारण निम्मा. अगदीच टाकाऊ म्हणावा असा हा गॅस नव्हे.

तरीही शतकानुशतकं तो टाकला गेला. जुन्या घुमटाकार भट्ट्यांत कोळशाचा हा धूर तिथेच जळून आकाशात जात असे. बोखुमजवळच्या डालहाउझनमध्ये कार्लोस ओटो यांनी १८८० च्या दशकात गुस्टाव्ह हॉफमन यांच्या कल्पनेची जोड घेऊन गॅस बाजूला काढणाऱ्या भट्ट्या बांधल्या. तेव्हा लोखंडवाल्यांची तक्रार अशी की गॅस काढून घेतलेला कोक निकृष्ट असतो. त्यात तथ्य नव्हतं, पण समज जायला बराच काळ लागला. आणि गंमत म्हणजे लोकांनी या भट्ट्या स्वीकारल्या त्या गॅससाठी नव्हेच. डांबरापासून रंग बनत होते, अमोनियापासून खत बनत होतं, पैसा तिथे होता. गॅस हे उरलंसुरलं होतं.

आमच्या वाटाड्यांनी भट्ट्यांच्या माथ्यावरची वाकडी नळी दाखवली. प्रत्येक भट्टीला अशी एक नळी. यातून सात-आठशे अंशांचा पिवळसर तपकिरी धूर वर येतो आणि वळणावर त्याच्यावर अमोनियाच्या पाण्याचा फवारा बसतो. क्षणात तापमान ऐंशी अंशांवर येतं आणि डांबर खाली गळतं. तिथून पुढे सगळ्या भट्ट्यांचा गॅस एका आडव्या मोठ्या नळात जमा होतो. या नळातला दाब हा कोकवाल्यांचा रोजचा घोर. तो बाहेरच्या हवेपेक्षा अगदी किंचित जास्त हवा, पाण्याच्या स्तंभात मोजला तर दहा मिलिमीटरच्या आसपास. चहाच्या कपातलं पाणी बोटभर वर चढवायलाही तो पुरणार नाही. तो वाढला तर दारांच्या फटींतून धूर निघू लागतो. कमी झाला तर उलट होतं : हवा आत ओढली जाते, कोक आतच जळायला लागतो आणि गॅसच्या नळात हवा शिरणं म्हणजे स्फोटाची तयारी. "आम्ही मीटर बघायच्या आधी दारं बघायचो," ते म्हणाले. दाराच्या कडेला पिवळट धुराची रेघ दिसली की दाब चढला. एकाच दाराला दिसली तर ते दार नीट बसलेलं नाही. सगळ्यांना दिसली तर पलीकडे गॅस ओढणारा पंखा मंदावला आहे.

तो पंखा असतो पांढऱ्या बाजूला. इथे कारखान्याचे दोन भाग मानत. काळी बाजू म्हणजे कोळसा नि कोक, आणि पांढरी बाजू म्हणजे गॅस धुणाऱ्या टाक्या नि मनोरे. पांढऱ्या बाजूला गॅस थंड करायचा, त्यातलं उरलेलं डांबर विजेच्या जाळीने खेचून घ्यायचं, अमोनिया काढायचा, तेलाने धुऊन बेंझॉल काढायचं. एवढं करूनही एक पाहुणा नळीत राहतोच : नॅफ्थॅलिन. म्हणजे आपल्या कपाटातली डांबरगोळी. हिवाळ्यात नळी थंड पडली की ते आतून पांढऱ्या खड्यांनी जमतं आणि नळी हळूहळू बारीक होत जाते. बाहेरून काहीच दिसत नाही. नळीच्या दोन टोकांच्या दाबातला फरक रोज थोडा थोडा वाढत गेला की समजायचं, डांबरगोळी बसली. मग वाफ सोडून ती वितळवायची.

असा धुतलेला गॅस घरोघर देता येतो, आणि तो दिलाही गेला. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली जे गॅसचे दिवे लागले तेही कोळशाच्या गॅसवरच, फक्त तिथे गॅससाठी कोळसा भाजत होते. रूरमध्ये कोकसाठी भाजत होते आणि गॅस आपोआप येत होता, तोही शहराला पुरून उरेल इतका. म्हणून १९२६ मध्ये एसेनला खाणमालकांनी एकत्र येऊन एक कंपनी काढली, पुढे तिचं नाव रूरगॅस झालं, आणि लांब पल्ल्याच्या पोलादी नळ्यांतून हा गॅस खोऱ्याबाहेरच्या शहरांत जाऊ लागला. तीन-चार दशकं जर्मन स्वयंपाकघरांत रूरच्या कोळशाचा गॅस जळला. मग १९५९ मध्ये शेजारच्या नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेनला नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा लागला आणि घरांची वाट बंद झाली. तेव्हापासून हा गॅस मुख्यत्वे कारखान्यांपुरता उरला.

झोलफेराइनहून पश्चिमेला निघालं की ओबरहाउझनचा गॅसोमीटर लांबूनच दिसतो. कालव्याच्या काठावर उभा केलेला एक पोलादी डबा, ११७.५ मीटर उंच आणि ६८ मीटरच्या आसपास व्यासाचा. शेजारी मोठा बाजार आहे, लोक खरेदीला येतात, आणि हा डबा कुणाचीही पर्वा न करता उभा आहे. १९२९ मध्ये तो पुरा झाला. युद्धात बाँबचे मार खाल्ले, १९४६ मध्ये दुरुस्ती चालू असताना पेटला, पुन्हा उभा केला गेला, १९८८ मध्ये निवृत्त झाला आणि १९९४ पासून प्रदर्शनांचं दालन आहे. क्रिस्तो आणि जान-क्लोद या कलावंत जोडप्याने १९९९ मध्ये इथे तेलाच्या १३,००० पिंपांची भिंत रचली होती.

आत गेलो तेव्हा मान वर करून बघितल्यावर पोटात गोळा आला. मधे एकही मजला नाही, खांब नाही. आतल्या भिंतींवर अजून काळपट तेलकट थर आहे, तो का ते भाच्याने सांगितलं. या डब्यात एक सपाट तबकडी होती, व्यासभर पसरलेली, वजन १,२०७ टन. खालून गॅस भरला की तबकडी वर जाई, गॅस काढला की खाली. तबकडी आणि भिंत यांच्यामधली फट डांबरी तेलाने बंद ठेवत. ते तेल सतत खाली झिरपत असे आणि पंप ते सतत वर चढवून पुन्हा ओतत असत. एवढं अवजड धूड वर उचलायला दाब किती लागत असेल? आम्ही तिथेच हिशेब केला. १,२०७ टन भागिले तबकडीचं सुमारे ३,६०० चौरस मीटर क्षेत्रफळ. चौरस मीटरला ३३५ किलो, म्हणजे जेमतेम ३३५ मिलिमीटर पाण्याचा दाब. हवेच्या दाबाच्या तीनेक टक्के. फुग्यातल्या हवेपेक्षा फारसा वेगळा नाही.

मला खरा धक्का बसला तो पुढच्या हिशेबाने. या डब्याची क्षमता ३,४७,००० घनमीटर. आता झोतभट्टी, म्हणजे ब्लास्ट फर्नेस, एक टन लोखंडामागे साधारण १,६०० घनमीटर गॅस सोडते. दिवसाला हजार टन लोखंड काढणारी भट्टी धरली तर ताशी ६७,००० घनमीटर. म्हणजे हा अवाढव्य डबा पाच तासांत भरतो. आजच्या डुइसबुर्गमधल्या सर्वांत मोठ्या भट्टीपुढे तर तो अर्धा तास टिकेल.

"हे गोदाम नाही मामा," भाचा म्हणाला. "हा फक्त दम घ्यायला." भट्टीला बटण नसतं. ती वर्षानुवर्षं रात्रंदिवस चालते आणि गॅस सोडत राहते. तिकडे पोलाद लाटणारी मिल अर्ध्या तासासाठी थांबली, रोलर बदलायचा म्हणून, तर तिचा गॅस कुणीतरी घ्यायला हवा. पाच मिनिटांत मिल पुन्हा सुरू झाली तर तितकाच गॅस हजर हवा. हा मधला झोल तबकडी वरखाली होऊन सांभाळते. तबकडी माथ्याला टेकली की उरलेला गॅस उंच नळीच्या तोंडाशी जाळून टाकावा लागतो आणि तळाला टेकली तर दाब राखण्यासाठी कुणाचा तरी पुरवठा तोडावा लागतो. कारखान्याच्या गॅस नियंत्रण कक्षात बसलेला माणूस पाळीभर हेच करत असतो : तबकडी मधे ठेवणं.

अशा डब्यांशी खेळ नसतो हेही जर्मनीला ठाऊक आहे. इथून दक्षिणेला, सारलँडमधल्या नॉयनकिर्शन गावात १० फेब्रुवारी १९३३ रोजी लोखंड कारखान्याचा गॅसोमीटर फुटला आणि ६८ माणसं गेली.

ओबरहाउझनहून डुइसबुर्ग-मायडेरिश जवळच आहे. इथली झोतभट्ट्यांची वसाहत ऑगस्ट थिसेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभारली, १९८५ मध्ये ती बंद पडली आणि पेटर लाट्स या उद्यानकाराने ती न पाडता तिचं उद्यान केलं. दार नाही, कुंपण नाही, कुणीही कधीही यावं. कोळशाच्या बंकरांच्या भिंतींवर गिर्यारोहणाचा सराव चालतो आणि गंजलेल्या नळ्यांखाली लोक सहलीचे डबे उघडून बसतात. पाचव्या क्रमांकाच्या भट्टीवर सत्तरेक मीटर उंचीपर्यंत जिन्याने चढता येतं. मी चढलो, गुडघ्यांची परवानगी न घेता.

माथ्यावर उभं राहिलं की भट्टीचा कारभार नकाशासारखा दिसतो. वरून खनिज, कोक नि चुनखडी टाकायची, खालून तापलेल्या हवेचा झोत मारायचा. कोक जळून कार्बन मोनॉक्साइड होतो, तो वर जाताना खनिजातला ऑक्सिजन हिसकावून घेतो आणि लोखंड मोकळं होतं. पण सगळा मोनॉक्साइड वापरला जात नाही. बराचसा तसाच वर येतो आणि इथे, माझ्या पायांखालच्या जागी, भट्टीच्या तोंडातून बाहेर पडतो. या गॅसमध्ये निम्मा नायट्रोजन असतो, पाचवा हिस्सा कार्बन डायऑक्साइड आणि वीस ते पंचवीस टक्के मोनॉक्साइड. उष्मांक घनमीटरला साधारण आठशे किलोकॅलरी, कोकच्या गॅसच्या पाचवा भाग. गरीब गॅस. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत भट्ट्यांची तोंडं उघडी असत आणि हा गॅस तिथेच ज्वाळा होऊन जळे.

त्याला काम मिळालं ते झोतामुळे. १८२८ मध्ये स्कॉटलंडच्या जेम्स नीलसनने दाखवलं की भट्टीत मारायची हवा आधी तापवली तर कोळसा कितीतरी कमी लागतो. मग हवा तापवायला इंधन कुठून आणायचं? भट्टीच्या तोंडाशी जळतंच आहे की! १८५७ मध्ये एडवर्ड कूपरने त्यासाठी विटांनी भरलेला मनोरा शोधला. मायडेरिशच्या भट्टीशेजारी घुमटाच्या टोप्या घातलेले ते मनोरे रांगेत उभे आहेत. यांना स्टोव्ह म्हणतात. एका स्टोव्हमध्ये गॅस जाळून जाळीदार विटा तापवायच्या, मग गॅस बंद करून त्याच विटांमधून थंड हवा पाठवायची. हवा हजार-बाराशे अंश तापून भट्टीत जाते. तोवर दुसरा स्टोव्ह तापत असतो. भट्टीच्या गॅसचा सुमारे तिसरा हिस्सा असा भट्टीच्याच पोटात परत जातो.

खाली उतरताना नळ्या नीट पाहिल्या. भट्टीच्या तोंडातून तिरकी उतरणारी नळी इतकी जाड की तिच्यातून छोटी मोटार चालवत नेता येईल. गॅस गरीब, म्हणून तेवढ्याच उष्णतेसाठी पाचपट वाहून न्यावा लागतो. ती नळी एका फुगीर पोटाच्या टाकीत शिरते. तिथे वेग मंदावतो आणि जड धूळ खाली पडते. उरलेली बारीक धूळ पाण्याच्या फवाऱ्याने धुतात. धूळ राहिली तर स्टोव्हच्या विटांची भोकं बुजतात, म्हणून धुतलेल्या गॅसमध्ये घनमीटरला पाच-दहा मिलिग्रॅमहून जास्त धूळ चालत नाही.

गरीब असला तरी हा गॅस कोकच्या गॅसपेक्षा जास्त घातकी. कोकच्या गॅसला वास असतो, गळला की नाकाला कळतो. झोतभट्टीच्या गॅसला वास नाही. मोनॉक्साइड हवेत हजारात दोन भाग असला तरी तासाभरात माणूस जाऊ शकतो, आणि या गॅसमध्ये तो हजारात दोनशेहून अधिक. डोकं जड होतं, पाय लटपटतात, आणि बसून राहावंसं वाटतं. बसला तो गेला. भाचा सांगत होता, त्याच्या जुन्या कारखान्यात गॅसच्या भागात एकट्याने जायची मनाई होती. छातीवर मोनॉक्साइडचं मीटर आणि सोबत दुसरा माणूस, तोही चार पावलं मागे. दोघं एकदम पडू नयेत म्हणून.

हे ऐकून झाल्यावर मायडेरिशचा गॅसोमीटर बघणं विचित्र वाटलं. तो पाण्याने भरला आहे, एकवीस हजार घनमीटर. तळाशी बुडालेली बोट नि कृत्रिम खडक ठेवलेत आणि पाणबुडे हौसेने तेरा मीटर खाली उतरतात. उन्हाळी सुट्टीतल्या पोरांची एक टोळी रबरी पोशाखांत दारात उभी होती.

उद्यानातल्या बाकावर बसून भाच्याने वहीच्या पानावर एक टन लोखंडाचा हिशेब मांडला. ढोबळ आकडे, पण या सगळ्या नळ्यांचं मर्म त्यात आहे. एक टन लोखंडाला चारशे किलो कोक धरा. तो बनवायला साधारण ५३० किलो कोळसा भाजला. त्यातून श्रीमंत गॅस निघाला १७० घनमीटर, त्यातली उष्णता सात लाख किलोकॅलरी. झोतभट्टीने दिला १,५०० घनमीटर गरीब गॅस, त्यातली उष्णता बारा लाख. म्हणजे गरीब गॅस एकूणात जास्त उष्णता घेऊन येतो, फक्त तो पातळ आहे.

आता मागण्या बघा. स्टोव्हना हवा तिसरा हिस्सा, पाचशे घनमीटर गरीब गॅस. पोलादाच्या लाद्या लाटण्याआधी बाराशे अंशांवर तापवायला टनामागे तीनेक लाख किलोकॅलरी. तिथे निव्वळ गरीब गॅस चालत नाही. निम्मा नायट्रोजन असल्याने त्याची ज्योतच तेवढी तापत नाही. आणि कोकभट्ट्यांच्या भिंती तापवायलाही तीनेक लाख किलोकॅलरी. पूर्वी भट्ट्या स्वतःच्याच श्रीमंत गॅसवर तापत, म्हणजे जवळजवळ निम्मा गॅस घरातच संपे. आता युक्ती अशी की कोकभट्टीच्या खाली विटांचे तसेच कप्पे असतात जसे स्टोव्हमध्ये. त्यांच्यातून गरीब गॅस आणि हवा दोन्ही आधी तापवून पाठवली तर गरीब गॅसची ज्योतही पुरेशी तापते. दर वीस-तीस मिनिटांनी प्रवाहाची दिशा उलटवायची, म्हणजे एका बाजूचे कप्पे उष्णता देतात तेव्हा दुसऱ्या बाजूचे धुरातून ती गोळा करतात. चारशे घनमीटर गरीब गॅस कोकभट्टीला दिला की सातही लाख किलोकॅलरींचा श्रीमंत गॅस मोकळा होतो. तो मिलला जातो, थोडा स्टोव्हच्या गॅसमध्ये मिसळून झोत आणखी तापवतो. उरलेला सहाशे घनमीटर गरीब गॅस वीजकेंद्राच्या बॉयलरमध्ये.

म्हणजे कोकभट्टी झोतभट्टीला कोक देते आणि झोतभट्टी तिला तिचंच इंधन परत करते. हा व्यवहार दोघी शेजारी असतील तरच जमतो. झोलफेराइनसारख्या खाणीशेजारच्या कारखान्यांना झोतभट्टी जवळ नव्हती, म्हणून तर गॅस घरोघर विकावा लागला. ओबरहाउझनचा डबा नेमका या दोन गॅसांच्या मधे बांधलेला होता : आधी झोतभट्टीचा गॅस साठवला, नंतर कोकचा.

संध्याकाळी आम्ही ऱ्हाइनकाठच्या आल्सुमर टेकडीवर गेलो. टेकडी मानवनिर्मित आहे. इथे आल्सुम नावाचं गाव होतं. खाणींमुळे जमीन खचली, युद्धात घरं पडली आणि शेवटी ढिगाऱ्याखाली गाव गेलं. वर एक क्रूस आहे आणि समोर, नदीच्या कडेला, श्वेल्गर्नचा जिवंत कोक कारखाना. २००३ मध्ये सुरू झालेला, १४० भट्ट्यांचा, प्रत्येक भट्टी आठ मीटरहून उंच. दिवसभर थंड भट्ट्या बघितल्यावर तापलेली बघताना मजा येते. साधारण दहा-अकरा मिनिटांनी एक दार उघडतं, पन्नासेक टन लाल कोक गाडीत कोसळतो आणि विझवण्याच्या मनोऱ्यातून पांढऱ्या वाफेचा लोट उठतो. हिशेब सरळ आहे : १४० भट्ट्या, प्रत्येकीला पंचवीसेक तास. पलीकडे दोन मोठ्या झोतभट्ट्या, त्यांच्यामागे हाम्बोर्नच्या वीजकेंद्राची धुराडी. उजवीकडे एका उंच नळीच्या टोकावर बारीकशी ज्योत होती. पाहता पाहता ती मोठी झाली, दोनेक मिनिटं फडफडली आणि पुन्हा लहान झाली. "कुठेतरी काहीतरी थांबलं," भाचा म्हणाला.

या सगळ्याला हरित म्हणून मिरवण्याचा मोह होतो, तो आवरायला हवा. झोतभट्टीचा गॅस जाळून तितक्याच उष्णतेमागे जो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो तो दगडी कोळशाच्या अडीच पटींहून जास्त असतो, कारण या गॅसमध्ये तो आधीपासूनच भरलेला आहे. कोकचा गॅस याच्या उलट, नैसर्गिक वायूपेक्षाही स्वच्छ. म्हणून त्याला जाळण्याऐवजी दुसरी कामं शोधली जातात. डुइसबुर्गमध्येच २०१८ पासून कारखान्याच्या गॅसपासून मिथेनॉल बनवण्याचे प्रयोग झाले. आणि आपल्याकडे रायगड जिल्ह्यातल्या डोलवीला कोकभट्टीचा गॅस नैसर्गिक वायूच्या जोडीने स्पंज आयर्नच्या भट्टीत जातो. तिथे त्यातला हायड्रोजन इंधनाचं नव्हे, खनिजातला ऑक्सिजन काढण्याचं काम करतो.

डुइसबुर्गच्या कारखान्याने २०२३ मध्ये वर्षाला २५ लाख टनांचा नवा संच मागवला. त्यात हायड्रोजनने लोखंड काढायचं, कोक नाही. बातम्यांत त्याचं कौतुक कार्बन वाचणार म्हणून होतं आणि ते योग्यच आहे. पण झोतभट्टी गेली की तिचा गॅसही जातो. आज कारखान्याची बरीचशी वीज याच गॅसवर बनते. उद्या नवा संच आणि त्याच्या विजेच्या भट्ट्या आजपेक्षा कितीतरी जास्त वीज मागतील, आणि ती सगळी बाहेरून विकत आणावी लागेल. लाद्या तापवायला आणि बॉयलरला दुसरं इंधन शोधावं लागेल. झोतभट्टी बंद करण्याचा खर्च मांडताना लोखंडाच्या बरोबरीने या गॅसचाही हिशेब मांडला पाहिजे. तो वगळून केलेलं कोणतंही गणित, डुइसबुर्गचं असो वा भिलाईचं, चुकीचंच निघेल.